छताच्या फोटोतील तीन सरळ रेषा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या दिवाणखान्याच्या छताचा एक फोटो टाकला. सोबत एक शब्दही लिहिलेला नव्हता. अर्ध्या तासात तीन उत्तरे आली. एकाने पीओपीचे फॉल्स सीलिंग करण्याचा सल्ला दिला, काकूंनी त्यांच्या रंगाऱ्याचा नंबर पाठवला, आणि ती फ्लॅट विकणार आहे असे कुठूनसे ऐकलेल्या भाच्याने त्या भागातले सध्याचे दर लिहिले. फोटो एकच असूनही प्रत्येकाने त्यात आपापला प्रश्न पाहिला. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर असल्यामुळे माझी नजर पंख्याच्या पलीकडे गेली. तिथे पांढऱ्या रंगावर एकमेकींना समांतर अशा तीन बारीक, सरळ रेषा होत्या आणि मधल्या रेषेच्या कडेने फिकट तांबूस डाग उमटला होता. मी तिला फोन करून नेमके काय विचारायचे आहे, असे विचारले. "दादा, दिवाळीला रंग काढायचाय, छताला पांढराच बरा दिसेल की हलका पिवळा?" असे तिचे उत्तर होते.

तिचा प्रश्न सजावटीचा होता, पण फोटोत दिसत होते ते स्लॅबच्या सळयांचे गंजणे. हे निदान फोटोवरून कितपत करता येते आणि कुठे थांबावे लागते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

छतावरच्या सगळ्याच भेगा सारख्या नसतात. गिलावा वाळताना आकसला, की कोरड्या तळ्याच्या गाळासारखे वेडेवाकडे जाळे तयार होते. त्याने घराला धोका नसतो. भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथे दिसणारी आडवी रेषा बहुतेक वेळा वीट आणि काँक्रीट तापमानानुसार कमीअधिक प्रसरण पावतात म्हणून पडलेली असते. काँक्रीटला आपणहून समान अंतरावर, समांतर आणि सरळ तडकण्याचे काही कारण नसते. म्हणून तशा रेषा दिसल्या, की त्यांच्यामागे तितक्याच सरळ आणि तितक्याच अंतरावर ठेवलेली एखादी वस्तू असणार, असा पहिला संशय घ्यावा. स्लॅबमध्ये तशी वस्तू म्हणजे सळई. साध्या घराच्या स्लॅबमध्ये आठ किंवा दहा मिलिमीटर जाडीच्या सळया साधारण पंधरा सेंटिमीटर अंतरावर बांधलेल्या असतात.

आता त्या तीन रेषांमधले अंतर फोटोवरून मोजायचे कसे? फोटोत मोजपट्टी नव्हती, पण पंखा होता. आपल्याकडच्या नेहमीच्या छताच्या पंख्याचा व्यास १२० सेंटिमीटरचा असतो. फोटोत दोन रेषांमधले अंतर पंख्याच्या व्यासाच्या एक दशांश भरत होते, म्हणजे वरवर पाहता बारा सेंटिमीटर. मात्र पंखा छतापासून साधारण तीस सेंटिमीटर खाली लोंबतो, त्यामुळे तो मोबाइलला अधिक जवळ असतो आणि छताच्या मानाने मोठा दिसतो. बहिणीने उभे राहून मोबाइल सरळ वर धरला होता. छत त्याच्यापासून सुमारे दीड मीटरवर आणि पंखा सुमारे एक मीटर वीस सेंटिमीटरवर. दिसणारा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून बाराला दीडने गुणून १.२ ने भागले, की पंधरा सेंटिमीटर येतात. रेषा सळयांवरच बसत होत्या.

सळई काँक्रीटच्या आत असूनही का गंजते, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. खरे तर प्रश्न उलटा विचारायला हवा. काँक्रीट सच्छिद्र असते, त्यात हवा शिरते आणि ओलही असते. मग इतकी वर्षे ती गंजत का नाही? सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया होताना चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो आणि त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू १२.५ च्या वर राहतो. इतक्या अल्कधर्मी परिसरात लोखंडावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट पापुद्रा बसतो आणि तो गंज जवळपास थांबवतो. म्हणजे सळईचे रक्षण काँक्रीट नुसते झाकून करत नाही, तर मुख्यतः त्याच्यातल्या चुन्यामुळे करते.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले, की ती दुधाळ होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बनते. हीच प्रक्रिया छताच्या पृष्ठभागापासून आत आत, अतिशय सावकाश, वर्षानुवर्षे चालू असते. जिथवर ती पोहोचते तिथवरचा सामू नऊच्या आसपास उतरतो आणि त्या सामूला लोखंडावरचा पापुद्रा टिकत नाही. जितके आत जावे तितका वायूचा मार्ग लांबतो, म्हणून वेग मंदावत जातो: खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार वर्षांत सहा मिलिमीटर गेली असेल, तर बारा मिलिमीटर जायला आठ नव्हे, सोळा वर्षे लागतात.

बहिणीकडे जाऊन मी छताचा एक लहान तुकडा फोडला आणि ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. हे द्रावण चुना शाबूत असेल तिथे गडद गुलाबी होते आणि चुना संपलेला असेल तिथे रंगहीन राहते. गिलावा सोडून काँक्रीटचा खालचा अठरा मिलिमीटर थर रंगहीन राहिला. इमारत छत्तीस वर्षांची. छत्तीसचे वर्गमूळ सहा आणि अठराला सहाने भागले की तीन, म्हणून या काँक्रीटचा गुणांक तीन: मिलिमीटरमधली खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या तिप्पट. सळईखाली काँक्रीटचे आच्छादन, ज्याला साइटवर कव्हर म्हणतात, फक्त बारा मिलिमीटर होते. म्हणजे कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत सोळाव्या वर्षीच पोहोचला होता. त्या काळच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबला किमान पंधरा मिलिमीटर कव्हर अपेक्षित होते. तेवढे असते, तर पंचवीस वर्षे मिळाली असती. २००० सालच्या मानकात सौम्य हवामानासाठी सांगितलेले वीस मिलिमीटर असते, तर चव्वेचाळीस वर्षे. काँक्रीट ओतताना सळईखाली ठेवायचा छोटा ठोकळा सरकला किंवा ठेवलाच गेला नाही, तर त्या आठ मिलिमीटरांनी अठ्ठावीस वर्षांचा फरक पडतो.

मग सोळाव्या वर्षानंतरची जवळजवळ वीस वर्षे छत स्वच्छ कसे राहिले? कारण चुना संपणे ही गंजाची फक्त पूर्वतयारी आहे, प्रत्यक्ष गंजाला पाणी लागते. यात एक विरोधाभास दडलेला आहे. छिद्रे पाण्याने भरली, तर वायू आत शिरत नाही, म्हणून पावसात भिजणाऱ्या छज्जापेक्षा घरातल्या कोरड्या छतातला चुना लवकर संपतो. पण तिथे ओल नसल्यामुळे सळई गंजत नाही. पुण्याच्या हवेत वर्षातले बरेच महिने कोरडे असतात, त्यामुळे आपल्याकडची असंख्य छते अशीच, रक्षण गमावलेली पण कोरडी म्हणून टिकलेली, उभी आहेत. बहिणीचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले, पाणी झिरपू लागले आणि इतकी वर्षे थांबलेला गंज सुरू झाला. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. सळईचा एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी थर गंजला, तरी त्याचा दाब पातळ कव्हर फोडायला पुरतो. म्हणून रेषा दिसते तेव्हा सळई बहुधा अजून बरीच शिल्लक असते, आणि दुरुस्तीची योग्य वेळ हीच असते.

याच सुमारास शेजारच्या एका गृहस्थांनी भेगा घराच्या ईशान्य कोपऱ्यात असल्याने तो वास्तुदोष आहे असे सांगून तांब्याचा पिरॅमिड बसवण्याचा सल्ला दिला. पिरॅमिडमुळे छतावर थेट परिणाम होणार नाही, पण त्याच्या भरवशावर आणखी एक पावसाळा गेला असता आणि तेवढी सळई झिजली असती, म्हणून मी अशा सल्ल्यांना निरुपद्रवी मानत नाही. गच्चीचा उतार त्या कोपऱ्याकडे होता आणि पाण्याचा निचरा करणारे तोंड तुंबले होते, हे कारण वर जाऊन दोन मिनिटांत दिसले.

फॉल्स सीलिंगचा सल्लाही तितकाच घातक ठरला असता. एकतर रेषा झाकल्या गेल्या असत्या, आणि दुसरे म्हणजे सीलिंगचे खिळे सुटू लागलेल्या कव्हरमध्येच ठोकले गेले असते. रेषांवर पुट्टी भरून रंग दिला, तर गंज वाढत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागी तडा परत येतो. फरक एवढाच, की या वेळी कव्हरचा तुकडा खाली पडण्याइतका सुटलेला असू शकतो.

फोटोच्या मर्यादा मला इथे स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कव्हर सळईपासून किती सुटले आहे हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी हलक्या हातोडीने छत ठोकत जावे लागते. घट्ट भागातून टणक आवाज येतो, सुटलेल्या भागातून बद्द. बहिणीच्या छतात रेषा दोन हात लांबीच्या होत्या, पण बद्द आवाज त्यांच्यापुढे आणखी हातभर येत होता. सळईची उरलेली जाडीही उघडे पाडून, गंज घासून, मापल्याशिवाय कळत नाही. तिथे ती आठ मिलिमीटरपैकी सात पूर्णांक सहा भरली, त्यामुळे नव्या सळया जोडाव्या लागल्या नाहीत. फ्लॅटची किंमत तर फोटोवरून मुळीच सांगता येत नाही, आणि विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत एखाद्याच खोलीचे छत ताजे रंगवलेले दिसले, तर त्या खोलीच्या वर काय आहे हे घेणाऱ्याने विचारून घ्यावे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. तो अहवाल पाहायला मागणे हे कोणत्याही फोटोपेक्षा उपयोगी आहे.

तरीही फोटो पाठवायचाच असेल, तर भेगेशेजारी एक नाणे चिकटवावे, एक फोटो जवळून आणि एक पूर्ण खोली दिसेल असा काढावा, आणि खाली दोन ओळी लिहाव्यात: छताच्या वर गच्ची आहे की कुणाचे न्हाणीघर, रेषा पहिल्यांदा कधी दिसली आणि पावसाळ्यात ती ओलसर होते का. या तीन गोष्टी कितीही स्पष्ट फोटोत येत नाहीत.

बहिणीच्या घरी आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले. मग सुटलेले काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत काढले, सळई घासून तिला गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मसाल्याने जागा भरली. हे सगळे जानेवारीत संपले. त्यामुळे दिवाळी जुन्याच रंगात गेली, आणि छताला पांढरा की पिवळा हे आम्ही गुढीपाडव्याच्या आठवड्यात ठरवले.