स्क्रीनशॉटवरून कोड रिव्ह्यू

स्क्रीनशॉटवरून कोड रिव्ह्यू : प्रोग्रॅमच्या कोडमध्ये केलेल्या बदलाचे चित्र पाहून नेमके काय बदलले ते थोडक्यात सांगणे आणि त्यात बग असण्याची शक्यता कुठे आहे ते दाखवणे. रीतसर रिव्ह्यू पुल रिक्वेस्टवर होतो. तिथे पूर्ण फाइल उघडता येते, एखादे नाव शोधता येते, टेस्ट चालवता येतात. स्क्रीनशॉटवर यातले काहीच जमत नाही. तरीही पवई, ऐरोली किंवा अंधेरीच्या ऑफिसांतून ‘मॅडम, एवढं जरा बघता का?’ म्हणत असे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि बघणारी व्यक्ती बहुधा तेव्हा लोकलमध्ये असते. तिच्या हातात फक्त चित्राची चौकट असते. त्यामुळे चौकटीत काय दिसते, त्यावरून काय ताडता येते आणि चौकटीबाहेर काय राहिले, हे वेगळे ठेवणे हाच या कामाचा गाभा आहे.

चित्रात दिसतो तो ‘डिफ’. दोन फाइलींमधला फरक दाखवणारा `diff` हा प्रोग्रॅम युनिक्समध्ये १९७४ साली आला. आज सर्वत्र दिसणारी अधिक-उणे चिन्हांची ‘युनिफाइड’ मांडणी १९९० ची. उणे चिन्हाची ओळ काढलेली, अधिक चिन्हाची ओळ घातलेली, आणि चिन्ह नसलेली ओळ जशीच्या तशी राहिलेली. गिट बदलाच्या वर-खाली अशा तीन-तीन न बदललेल्या ओळी संदर्भासाठी दाखवते.

पुढील उदाहरण काल्पनिक असले तरी मुंबईत कोणालाही कळेल असे आहे : गृहनिर्माण सोसायटीचा मेंटेनन्स. बिलाची शेवटची तारीख १०. त्यानंतर पैसे भरले तर दिवसागणिक विलंबशुल्क. कमिटचे शीर्षक ‘तारखेचा कोड सुटसुटीत केला’ असे आहे, फाइलच्या नावाशेजारी `+1 −4` असे आकडे आहेत आणि त्याखाली हा तुकडा :

```diff
@@ -41,8 +39,7 @@ def late_fee(bill, payment):
     if bill.waived:
         return 0
 
-    paid = payment.paid_at.astimezone(IST)
-    paid_on = paid.date()
+    paid_on = payment.paid_at.date()
     if paid_on <= bill.due_date:
         return 0
     days = (paid_on - bill.due_date).days
```

नजर आधी रंगांकडे जाते, पण आधी वाचावी ती `@@` ची ओळ. `-41,8` म्हणजे जुन्या फाइलमध्ये हा तुकडा ४१ व्या ओळीपासून ८ ओळींचा होता. `+39,7` म्हणजे नव्या फाइलमध्ये तो ३९ व्या ओळीपासून ७ ओळींचा आहे. आता मोजावे. न बदललेल्या ओळी सहा (मधली रिकामी ओळही धरायची), काढलेल्या दोन : मिळून आठ. न बदललेल्या सहा आणि घातलेली एक : मिळून सात. हिशेब जुळला, म्हणजे तुकडा अखंड आहे. बेरीज कमी भरली असती तर चित्र वरून किंवा खालून कापले गेले आहे हे पुरावा मागितल्याशिवायच कळले असते. अर्ध्या मिनिटाची ही मोजदाद फार थोडे लोक करतात.

दुसरी मोजणी `+1 −4` ची. चित्रात घातलेली ओळ एक दिसते, ते बरोबर. काढलेल्या मात्र दोनच दिसतात, आकडा चार सांगतो. फाइलमधून आणखी दोन ओळी गेल्या आहेत आणि त्या चौकटीत नाहीत. तुकड्याची सुरुवात ४१ वरून ३९ वर आली आहे, म्हणजे त्या या तुकड्याच्या वर कुठेतरी होत्या. त्या कोणत्या असाव्यात याचा अंदाज बांधता येतो. `IST` हे नाव आता या फंक्शनमध्ये वापरलेले नाही, तेव्हा फाइलच्या डोक्यावरच्या या दोन ओळी बहुधा गेल्या :

```python
from zoneinfo import ZoneInfo
IST = ZoneInfo("Asia/Kolkata")
```

(कालक्षेत्रांच्या यादीत मुंबईचे वेगळे नाव नाही, त्यामुळे मुंबईकरालाही कोलकाताच लिहावे लागते. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. ती वेळ चालू राहिली असती तर हा बग आणखी तिरपागडा झाला असता.) हा अंदाज खरा असेल आणि त्याच फाइलमध्ये दुसरीकडे कुठे `IST` वापरले असेल, तर ते फंक्शन चालताक्षणी `NameError` देऊन बंद पडेल. पण हा अंदाजच आहे. उत्तरात तो अंदाज म्हणूनच लिहावा.

आता बदलाचा अर्थ. ‘दोन ओळी काढून एक घातली’ हा सारांश नव्हे. ते तर रंगच सांगतात. सारांशात वागणूक यायला हवी : पूर्वी पैसे भरल्याची वेळ भारतीय वेळेत आणून मग तारीख काढली जात होती, आता वेळ ज्या रूपात साठवली आहे त्यातूनच थेट तारीख काढली जाते. पुढची तुलना आणि दिवस मोजण्याची ओळ तीच आहे, पण दोन्हींना मिळणारी तारीख वेगळी असू शकते. शीर्षकातल्या ‘सुटसुटीत’ या शब्दावर विसंबणारा इथे फसतो. सुटसुटीत करणे म्हणजे परिणाम तोच ठेवून मांडणी बदलणे. इथे परिणामच हलला आहे.

बगचा संशय येतो तो असा. सर्व्हरवर वेळ सहसा यूटीसीमध्ये साठवतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. एका सभासदाने ११ एप्रिलला मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटांनी मोबाइलवरून पैसे भरले असे धरा. यूटीसीत ती वेळ १० एप्रिल, १९:१०. जुना कोड ११ तारीख काढून एक दिवसाचे शुल्क लावायचा. नवा कोड १० तारीख काढतो आणि शून्य परत करतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत भरलेली प्रत्येक रक्कम अशी एक दिवस मागे सरकते. सकाळी साडेपाचनंतर दोन्हीकडची तारीख एकच असते, म्हणून दिवसभरात काहीच बिघडलेले दिसत नाही.

हा बग लवकर सापडत नाही, याचे कारण त्याच्या दिशेत आहे. चूक सभासदाच्या फायद्याची आहे. एक दिवसाचे शुल्क कमी लागले म्हणून सेक्रेटरीकडे तक्रार घेऊन कोण जाईल? टेस्टही सहसा गप्प राहतात, कारण टेस्ट लिहिणारा हाताला येईल ती दुपारची वेळ टाकतो, आणि मुंबईतली दुपार यूटीसीतही त्याच तारखेत पडते. गोष्ट उघडी पडते ती वर्षाचे हिशेब तपासताना. हीच पद्धत पावतीच्या तारखेलाही लावली असेल, तर १ एप्रिलला पहाटे सव्वादोनला भरलेली रक्कम ३१ मार्चची म्हणून मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा जुळत नाही. म्हणून ‘टेस्ट पास आहेत’ या उत्तरावर न थांबता नेमकी ही वेळ मागावी :

```python
paid_at = datetime(2025, 4, 10, 19, 10, tzinfo=timezone.utc)
# मुंबईत ११ एप्रिल, ००:४०; अपेक्षित विलंब १ दिवस
```

शेवटची तारीख १० एप्रिल धरली तर जुन्या कोडवर ही टेस्ट पास होईल आणि नव्यावर पडेल.

इथपर्यंत आल्यावर ‘बग सापडला’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण हा सगळा तर्क एका गोष्टीवर उभा आहे : `paid_at` यूटीसीमध्ये आहे. ते चित्रात कुठेच दिसत नाही. समजा पेमेंटची वेळ भारतीय वेळेतच, कालक्षेत्राची खूण न लावता साठवली आहे आणि सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर आहे. पायथनचे `astimezone` अशा बिनखुणेच्या वेळेला सर्व्हरची स्थानिक वेळ समजते. मग जुना कोडच चुकीचा ठरतो. १० तारखेला संध्याकाळी सातला भरलेल्या रकमेत तो आणखी साडेपाच तास मिळवून ती ११ तारखेला रात्री साडेबारावर नेत होता आणि वेळेत पैसे भरणाऱ्याला दंड लावत होता. त्या परिस्थितीत हा बदल म्हणजे बग नसून दुरुस्ती आहे, फक्त शीर्षक लाजरे आहे.

तेव्हा उत्तर असे जावे : ‘काय बदललं : तारीख काढण्याआधी आयएसटीत रूपांतर व्हायचं, ते काढलंय. संशय : `paid_at` यूटीसीत असेल तर रात्री १२ ते ५:३० मधली पेमेंट्स आदल्या दिवशी पडतील आणि लेट फी कमी लागेल. चित्रात नाही : काढलेल्या आणखी दोन ओळी आणि `paid_at` कुठे, कसं भरलं जातं ते. ते पाठव, मग नक्की सांगते.’ चार वाक्यांत पाहिलेले, ताडलेले आणि न दिसलेले वेगवेगळे राहते, आणि कोड लिहिणाऱ्याला पुढे काय करायचे तेही कळते. ‘लुक्स गुड’ किंवा नुसते अंगठ्याचे चिन्ह यातले काहीच देत नाही.

चित्र म्हणून स्क्रीनशॉटच्या काही अडचणी आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवते, तेव्हा `<=` मधले बरोबरचे चिन्ह पुसट होऊन `<` वाटू शकते. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेच १० तारखेला भरणाराही उशिरा भरणाऱ्यांत जातो असे वाटले असते. चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ते दाबले जात नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी रंग सोडून चिन्हेच वाचावीत. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावर अर्थ ठरतो, आणि स्पेस व टॅब चित्रात सारखेच दिसतात, त्यामुळे तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. शेजारच्या टॅबमध्ये पासवर्ड किंवा ग्राहकाची माहिती आली असेल तर ती पाठवण्याआधी कापावी, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगावे लागते.

वरच्या प्रकरणाचा निकाल बऱ्याचदा एका ओळीने लागतो. प्रकल्प जँगोचा असेल तर सेटिंग्जमधले `USE_TZ` पाहावे. ते `True` असेल तर डेटाबेसमधून वेळ यूटीसीची खूण घेऊन येते आणि बगचा संशय पक्का होतो. `False` असेल तर वेळ बिनखुणेची येते; मग ती साठवताना कोणत्या घड्याळाची होती आणि सर्व्हर कोणत्या वेळेवर चालतो, हे विचारावे लागते. ही ओळ लगेच मिळत नसेल तर सोसायटीकडे आलेल्या जुन्या तक्रारींच्या वेळा पाहाव्यात. संध्याकाळी साडेसहानंतर शेवटच्या दिवशी पैसे भरूनही दंड लागल्याच्या तक्रारी असतील, तर जुना कोडच दोषी होता. तशा नसतील, तर बदल मर्ज होण्याआधी थांबवावा.