अभिकरण : प्रत्यक्ष आणि भासमान प्राधिकार

एकाने दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करावा आणि त्या व्यवहाराची बांधिलकी पहिल्यावर यावी, या संबंधास अभिकरण म्हणतात. काम करणारा तो अभिकर्ता आणि ज्याच्यासाठी ते केले जाते तो प्रकर्ता. भारतात हा विषय भारतीय करार अधिनियम, 1872 च्या दहाव्या प्रकरणात, कलम 182 ते 238 मध्ये येतो. खानदेशात कापसाच्या हंगामात जिनिंगमालकाचा खरेदीदार गावोगाव फिरतो, त्याला अहिराणीत ‘शेटना मानूस’ म्हणतात, आणि हा शब्द कायद्यातील कल्पनेच्या फार जवळचा आहे, कारण शेतकरी आपला कापूस त्या माणसाच्या भरवशावर नव्हे, तर शेटच्या भरवशावर देतो.

प्रत्यक्ष प्राधिकार म्हणजे प्रकर्त्याने अभिकर्त्याला खरोखर दिलेला अधिकार. तो लेखी किंवा तोंडी शब्दांनी दिलेला असतो, किंवा परिस्थितीवरून आणि नेहमीच्या व्यवहारावरून गर्भित ठरतो (कलम 186 व 187). खरेदीला पाठवलेल्या माणसाला कापूस मोजून घेण्याचा आणि गाडी ठरवण्याचा अधिकार वेगळा लिहून द्यावा लागत नाही, कारण त्यावाचून खरेदीच होत नाही.

भासमान प्राधिकाराचा उगम वेगळा आहे. अभिकर्त्याला मुळात अधिकार नसेल, पण तो आहे असा समज प्रकर्त्याने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने तिसऱ्या व्यक्तीच्या मनात निर्माण केला असेल, तर कलम 237 प्रमाणे प्रकर्ता बांधला जातो. हा समज प्रकर्त्याकडून आलेला असावा लागतो, आणि बहुतेक वाद नेमके या मुद्द्यावर अडतात. ‘मी शेटचा माणूस आहे’ हे अभिकर्त्याने स्वतः कितीही वेळा सांगितले, तरी तेवढ्याने शेट बांधला जात नाही.

उदाहरणादाखल चोपडा तालुक्यातील एक गाव घेऊ. जिनिंगमालकाचा माणूस सलग तीन हंगाम तेथे कापूस घेतो, मालकाच्या नावाच्या बिलबुकातून पावती देतो आणि रक्कम मालकाच्या खात्यातून शेतकऱ्याच्या खात्यात येते. चौथ्या हंगामात मालक त्याला क्विंटलला 7,000 रुपयांवर जाऊ नको असे बजावतो, तरी तो एका जुन्या शेतकऱ्याला 7,200 चा शब्द देऊन 12 क्विंटल उचलतो. शेतकऱ्याला ही मर्यादा माहीत नाही. मालकाने 86,400 रुपये द्यावेत, 84,000 नव्हे. कलम 237 खालील दृष्टान्तही याच धर्तीचा आहे : ठरावीक किमतीखाली विकू नये अशी सूचना असलेल्या अभिकर्त्याने, ती सूचना ठाऊक नसलेल्या ग्राहकाला कमी किमतीत माल विकला, तरी मालक बांधलेला राहतो. वरचे 2,400 रुपये मालकाने आपल्या माणसाकडून वसूल करावेत. तो त्या दोघांमधला प्रश्न आहे.

पुढे मालक त्याला कामावरून काढतो, पण गावात सांगत नाही आणि बिलबुकही परत घेत नाही. तो माणूस त्याच शेतकऱ्याकडून आणखी 10 क्विंटल नेतो, परस्पर विकतो आणि पैसे घेऊन निघून जातो. कलम 208 नुसार प्राधिकार संपल्याचा परिणाम तिसऱ्या व्यक्तीपुरता तेव्हाच सुरू होतो, जेव्हा ते तिला कळते. या कलमाखालील दृष्टान्तातही कापूसच आहे : मद्रासच्या मालकाने मुंबईतील कापूस विकण्याचा पत्राने दिलेला अधिकार दुसऱ्या पत्राने काढून घेतला, दुसरे पत्र न कळलेल्या ग्राहकाने अभिकर्त्याला पैसे दिले, अभिकर्ता ते घेऊन पळाला, तरी ते पैसे देणे मालकाविरुद्ध वैध ठरते. म्हणून आपल्या उदाहरणातही नुकसान मालकाने सोसावे. काढल्याचा निरोप प्रत्येक जुन्या विक्रेत्यापर्यंत पोहोचवणे त्याच्याच हातात होते, शेतकऱ्याच्या नव्हे.

शेजारच्या गावात, जेथे मालकाने पूर्वी कधी खरेदी केलेली नाही, तेथे त्याच माणसाने केवळ तोंडी ओळखीवर कापूस नेला असेल, तर मालकाने त्या शेतकऱ्याच्या मनात कोणताही समज निर्माण केलेला नाही. त्याला कलम 235 खाली त्या खोट्या अभिकर्त्याकडूनच भरपाई मागावी लागेल. मात्र बिलबुक दाखवून व्यवहार झाला असेल, तर ते त्याच्या हाती कोणी राहू दिले, हा प्रश्न उरतो आणि शेतकऱ्याची बाजू बरीच मजबूत होते.

व्यवहाराचा प्रकारही पाहावा लागतो. खरेदीदाराने मालकाच्या नावावर हातउसने पैसे मागितले, तर तो त्याच्या नेहमीच्या कामाचा भाग नाही. तेथे जुन्या पावत्यांचा आधार घेता येत नाही. तसेच अधिकार नाही हे ज्याला माहीत होते, त्याला भासमान प्राधिकाराचा लाभ मिळत नाही.

अनधिकृत खरेदीचा कापूस आपल्या आवारात आल्यावर, सर्व हकीकत ठाऊक असूनही मालकाने तो जिनिंगला घेतला, तर ती त्या खरेदीला मागाहून दिलेली अनुमती ठरते. त्यानंतर माल ठेवून कबूल केलेला भाव तेवढा नाकारता येत नाही, कारण कलम 199 प्रमाणे एका भागाला दिलेली अनुमती संपूर्ण व्यवहाराला लागू होते.