दस्तऐवज दिनांक, पोस्टिंग दिनांक आणि नोंद दिनांक

ईआरपी प्रणालीत, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक व्यवहाराला एक नव्हे, तीन तारखा असतात. पुरवठादाराच्या बिलावर किंवा चलनावर छापलेली तारीख म्हणजे दस्तऐवज दिनांक (डॉक्युमेंट डेट). व्यवहार ज्या दिवसाच्या, पर्यायाने ज्या महिन्याच्या हिशेबात धरायचा ती पोस्टिंग दिनांक. आणि कुणीतरी प्रत्यक्ष संगणकापुढे बसून नोंद साठवली तो दिवस म्हणजे नोंद दिनांक, म्हणजेच एंट्री डेट. पहिल्या दोन तारखा माणूस टाकतो. तिसरी सर्व्हरच्या घड्याळावरून आपोआप उमटते आणि वापरकर्त्याला ती बदलता येत नाही.

सॅप या ईआरपीमध्ये या तारखा `BKPF` या टेबलात अनुक्रमे `BLDAT`, `BUDAT` आणि `CPUDT` या नावांनी साठतात. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये खरेदी बिलावर `bill_date` आणि `posting_date` असतात, आणि नोंद तयार झाल्याचा क्षण `creation` मध्ये राहतो. टॅलीच्या खरेदी व्हाउचरमध्येही व्हाउचरची तारीख वेगळी आणि पुरवठादाराच्या बिलाची तारीख वेगळी टाकता येते. नावे काहीही असोत, काम तेच.

प्रत्येक तारखेचा गिऱ्हाईक वेगळा आहे. दस्तऐवज दिनांक जीएसटीच्या ताळमेळाला लागते. पुरवठादार आपल्या विवरणात बिलाची तारीख देतो आणि पुरवठादारांच्या विवरणांवरून आपोआप तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये तीच दिसते, आपण ते बिल कोणत्या महिन्यात पोस्ट केले याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून पोस्टिंग दिनांकावर काढलेले खरेदी रजिस्टर २बीशी लावायला बसलेला माणूस हमखास अर्धा दिवस घालवतो. चाचणी ताळेबंद, नफा-तोटा, महिनाअखेरचा साठा हे सगळे पोस्टिंग दिनांकावर चालतात. नोंद दिनांकाकडे मात्र लेखापरीक्षक येईपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ तिथेच असते.

मागच्या तारखेची नोंद, म्हणजे बोलीभाषेतली 'बॅकडेटेड एंट्री', ही पोस्टिंग दिनांक आणि नोंद दिनांक यांतील अंतरातून जन्मते. हे अंतर मुळात गैर नाही. जूनची वीज जूनमध्येच वापरली गेली, पण बिल जुलैत आले, तर खर्च जूनचाच. महिना संपल्यावर पहिले काही दिवस मागचा पिरियड, म्हणजे मागच्या महिन्याचा हिशेब, उघडा ठेवतात तो यासाठीच. बिघडते ते अहवाल एकदा बाहेर गेल्यानंतर त्याच महिन्यात नोंदी पडत राहिल्या की.

एक साधे उदाहरण घेऊ. एका कारखान्यात पोलादी सळीचा साठा 26 जून 2025 रोजी 1000 किलो होता, दर 60 रुपये, मूल्य 60,000. 27 जूनला आणखी 1000 किलो सळी 67 रुपये दराने फाटकातून आत आली. चलनावर तारीख 25 जूनची. गाडी रिकामी झाली, चलन टेबलावरच्या गठ्ठ्यात गेले. 28 जूनला उत्पादन विभागाने 600 किलो उचलले. प्रणालीच्या लेखी तेव्हा जुनाच 1000 किलोचा साठा होता, त्यामुळे ही उचल 60 रुपयांनी, म्हणजे 36,000 रुपयांना नोंदली गेली. 1 जुलैला साठ्याचा अहवाल छापला: 400 किलो, 24,000 रुपये. तोच बँकेकडे स्टॉक स्टेटमेंटमध्ये गेला.

3 जुलैला स्टोअरकीपरला चलन सापडले. त्याने आवक नोंदवली: दस्तऐवज दिनांक 25 जून, पोस्टिंग दिनांक 27 जून. नोंद दिनांक प्रणालीने स्वतः लिहिली, 3 जुलै. दुसऱ्या दिवशी 30 जूनचाच साठा पुन्हा काढला तर तो 1400 किलो आणि 91,000 रुपये दिसला. दोन्ही कागदांच्या डोक्यावर '30 जून अखेर' असेच छापलेले.

आकडा का बदलला हे समजायला सॅपमधला `MB5B` अहवाल कसा हिशेब करतो ते पाहावे लागते. 30 जूनचा साठा कुठे गोठवून ठेवलेला नसतो. अहवाल आजचा साठा घेतो आणि 30 जूननंतरच्या पोस्टिंग दिनांकाची आवक-जावक उलटी फिरवत मागे जातो. 3 जुलैला टाकलेली आवक 27 जूनच्या नावाने पडली असल्याने ती उलटवली जात नाही. ती आपसूक जूनमध्ये शिरते. थोडक्यात, असा अहवाल हे छायाचित्र नसून दर वेळी नव्याने विचारलेला प्रश्न असतो.

इथवर कुणी म्हणेल की दुसरा आकडाच खरा, कारण सळी 27 तारखेला खरोखर आवारात होती. किलोच्या बाबतीत ते बरोबर आहे. रुपयांच्या बाबतीत नाही. आवक वेळेवर नोंदली असती तर 27 जूनला 2000 किलोचे मूल्य 1,27,000 झाले असते, सरासरी दर 63.50. मग 600 किलोची उचल 38,100 रुपयांना पडली असती आणि 1400 किलो 88,900 रुपयांना उरले असते. सॅपमध्ये चल सरासरी दर नोंद पडते त्या क्षणी, त्या क्षणीच्या साठ्यावर काढला जातो. मागे जाऊन आधीच्या उचली पुन्हा मोजल्या जात नाहीत. त्यामुळे 24,000 अधिक 67,000 असे 91,000 झाले, 1400 किलोने भागून दर 65 रुपये. जूनचा कच्च्या मालाचा खर्च 2,100 रुपयांनी कमी लागला आणि तेवढेच 2,100 रुपये साठ्यात फुगले. पुढची प्रत्येक उचल हा फुगवटा थोडा थोडा जुलै-ऑगस्टच्या खर्चात सोडत जाईल. तारीख मागची टाकली तरी किंमत आजचीच राहते, आणि हे कितीतरी अनुभवी लेखापालांच्या लक्षात येत नाही, कारण साठ्याचा ताळा आणि खातेवही एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

ईआरपीनेक्स्ट याच प्रसंगी उलट वागते. मागच्या तारखेची आवक आली की त्यानंतरच्या तारखांच्या साठानोंदींचे पुनर्मूल्यांकन होते. `Repost Item Valuation` नावाची नोंद हे काम पार्श्वभूमीवर करते. परिणामी, मूल्यांकनाची पद्धत चल सरासरीची असेल तर, 28 जूनची उचल 36,000 ऐवजी 38,100 होते आणि साठा 88,900 वर येतो. हिशेब शुद्ध झाला, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागली: 28 जूनच्या व्हाउचरला कुणी हात न लावता त्याची रक्कम बदलली. 1 जुलैला छापलेल्या नफा-तोट्याशी तुलना करणारा माणूस नवे व्हाउचर शोधतो, एक सापडते, आणि तरी 2,100 रुपयांचा फरक उरतोच. यातली कोणती पद्धत चांगली यावर वाद होतात. आपली प्रणाली कोणती पद्धत वापरते हे माहीत नसताना मात्र हा वाद व्यर्थ आहे.

नफ्यावर परिणाम 2,100 चा, मग 67,000 गेले कुठे? बिल अजून न आलेल्या मालाच्या देणे खात्यात. जूनच्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू तेवढ्याने वाढल्या. म्हणून नुसता नफा तपासणाऱ्याला असली नोंद किरकोळ वाटते, तर साठा आणि देणेकरी यांवरून कर्जाच्या उचलीची मर्यादा ठरवणाऱ्या बँकेला पाठवलेले आकडे आता आपल्याच पुस्तकाशी जुळत नाहीत.

अशा नोंदी शोधणे अवघड नाही, कारण नोंद दिनांक खोटे बोलत नाही. सॅपमध्ये अहवाल छापल्यानंतर जूनमध्ये काय काय शिरले ते असे विचारता येते:

```sql
SELECT BELNR, BLDAT, BUDAT, CPUDT, USNAM
FROM BKPF
WHERE BUKRS = '1000'
  AND BUDAT BETWEEN '20250601' AND '20250630'
  AND CPUDT > '20250701'
```

1 जुलैलाच, पण छपाईनंतर पडलेल्या नोंदी यातून निसटतात. त्या धरायच्या तर `CPUTM` मधली वेळही पाहावी लागते. ईआरपीनेक्स्टमध्ये हाच प्रश्न `posting_date` आणि `creation` वापरून विचारतात, पण वर सांगितल्याप्रमाणे पुनर्मूल्यांकनाने रक्कम बदललेली जुनी व्हाउचरे त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी जुना छापील अहवाल किंवा साठवलेली फाइल समोर ठेवूनच तुलना करावी लागते.

रोखण्याचा मार्ग म्हणजे पिरियड बंद करणे, आणि सॅपमध्ये कुलपे दोन आहेत हे विसरले जाते. हिशेबाचा पिरियड `OB52` मधून बंद होतो. एप्रिल ते मार्च अशा वर्षात जून हा तिसरा पिरियड. मालाच्या आवक-जावकेचा पिरियड `MMPV` ने पुढे सरकतो, पण सरकल्यावरही लगतच्या मागच्या महिन्यात नोंद करू द्यायची की नाही हे `MMRV` मधल्या खुणेवर ठरते. ती खूण आणि `OB52` दोन्ही उघडी राहिली तरच वरची नोंद पडू शकते. ईआरपीनेक्स्टमध्ये खाती आणि साठा ठरावीक तारखेपर्यंत गोठवण्याच्या सोयी अशाच वेगवेगळ्या सेटिंगमध्ये आहेत. कुलूप लागल्यावर सापडलेल्या चलनाची आवक जुलैच्या पोस्टिंग दिनांकाने टाकायची, दस्तऐवज दिनांक मात्र 25 जूनच ठेवायची. जूनचा भार जूनमध्येच दिसायला हवा असेल, तर कुलूप लागण्यापूर्वी 30 जूनची तरतूद नोंदवून 1 जुलैला ती उलटवतात. रद्द करण्याच्या नोंदीबाबतही सावध राहावे लागते: जूनचे चुकीचे व्हाउचर मूळ तारखेनेच उलटवले तर जून पुन्हा हलतो.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल आणि बदलांची तारखेसह नोंद ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती सोय बंद करता येऊ नये अशी अट आहे. हा नियम मागच्या तारखेची नोंद करायला बंदी घालत नाही. ती केव्हा आणि कोणी केली हे पुसले जाऊ नये, एवढेच तो पाहतो.

नोंद दिनांकालाही मर्यादा आहेत. दुसऱ्या प्रणालीतून रात्री एकगठ्ठा येणाऱ्या नोंदींवर ती तारीख फाइल चढवल्याची असते आणि वापरकर्त्याच्या जागी यंत्रणेचे खाते असते. दुकानातली 30 जूनची विक्री मध्यरात्रीनंतर चढली तर तिची नोंद दिनांक 1 जुलै होते, तरी ती कुणी मागे ढकललेली नसते. म्हणून वरच्या शोधातून आलेली यादी वाचताना आधी असल्या आपोआप चढणाऱ्या नोंदी बाजूला काढतात, आणि उरलेल्यांमध्ये अंतर किती दिवसांचे आहे आणि रक्कम किती आहे हे पाहतात.