हेपॅटायटिस सी: अँटीबॉडी सापडली, पण विषाणू आहे का?

समजा, ४८ वर्षांची एक बाई पहिल्यांदाच रक्तदान करते. काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप येतो, "तुमची हेपॅटायटिस सीची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे, डॉक्टरांना भेटा." तिला कधी कावीळ झालेली नाही, भूक चांगली आहे, थकवा येतो पण तो कोणाला येत नाही? फक्त एक गोष्ट तिला आठवते. ती नऊ वर्षांची असताना अपघातानंतर तिला रक्त चढवलं होतं. यकृताला लागण करणारा आणि रक्तातून पसरणारा हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, आणि दात्यांचं रक्त त्यासाठी तपासणं त्यानंतरच शक्य झालं. तिला रक्त मिळालं ते त्याच्या आधी.

आता या पॉझिटिव्हचा अर्थ काय, ते नीट पाहू. रक्तपेढीने या बाईच्या रक्तात विषाणू शोधला नव्हता. तिच्या शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, शोधली होती. विषाणू घरात येऊन गेला असेल तर त्याच्या पावलांचे ठसे दिसतात. तो अजून आत बसला आहे की निघून गेला, हे ठसे सांगत नाहीत. लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच विषाणू हुसकावून लावतात. त्यांच्या अँटीबॉडी मात्र वर्षानुवर्षं, अनेकदा आयुष्यभर, रक्तात राहतात. शिवाय जिथे हा आजार फार थोड्या लोकांत असतो, तिथे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी काही जणांना लागण कधी झालेलीच नसते. दुसऱ्याच कुठल्या तरी अँटीबॉडीला चाचणी फसलेली असते.

म्हणून दुसरी तपासणी लागते, ती विषाणूच्या आरएनएची. आरएनए म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर. पीसीआर पद्धतीने त्याच्या प्रती वाढवून रक्तात तो आहे का आणि किती आहे, ते मोजतात. हल्लीच्या चाचण्या मिलिलिटरमागे १५ एककं इतका थोडा आरएनएही मोजू शकतात. अनेक लॅबमध्ये अँटीबॉडी पॉझिटिव्ह येताच त्याच वेळी घेतलेल्या रक्तावर आरएनए तपासणी आपोआप केली जाते, आणि मला हीच पद्धत योग्य वाटते. पेशंटला पुन्हा बोलावलं की काही जण परत येतच नाहीत, आणि अर्धवट निदान घेऊन जगत राहतात.

आरएनए सापडला नाही, तर बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न तिथेच मिटतो: लागण आता नाही, औषध नको. अपवाद नुकत्याच झालेल्या संसर्गाचा. सुरुवातीच्या महिन्यांत आरएनए कधी दिसतो, कधी लपतो, म्हणून गेल्या सहा महिन्यांत संसर्गाचा धोका आला असेल तर चाचणी पुन्हा करतात. उलट चित्रही दिसतं. संसर्गानंतर आरएनए एक-दोन आठवड्यांत सापडू लागतो, पण अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे दूषित सुई टोचल्यावर तीन आठवड्यांनी अँटीबॉडी निगेटिव्ह आली, तर त्यावर विसंबू नये.

आपल्या बाईचा आरएनए सापडला: मिलिलिटरमागे आठ लाख एककं. आकडा भीतिदायक वाटतो, पण त्यावरून यकृताची किती हानी झाली, ते कळत नाही. ते पाहायला साध्या रक्ततपासण्यांतून एक अंदाज काढतात, त्याला फिब-४ म्हणतात. एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या पेशींतली दोन एन्झाइमं, पेशी दुखावल्या की ती रक्तात वाढतात. सूत्र असं: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. तिचा एएसटी ४०, एएलटी ६४, प्लेटलेट २४० हजार. वरती ४८ × ४० म्हणजे १९२०; खाली २४० × ८, तेही १९२०. उत्तर १. हा आकडा १.४५ च्या खाली असला की यकृत फार निबर झालेलं असण्याची शक्यता कमी, आणि ३.२५ च्या वर गेला तर सिरोसिसच्या दिशेने वाटचाल झाल्याची शंका घ्यावी. मधला पट्टा धूसर, तिथे यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी दुसरी तपासणी लागते.

तिला रोज एक गोळी दिली गेली, बारा आठवडे. त्या एका गोळीत दोन औषधं असतात: ४०० मिलिग्रॅम सोफोसबुविर आणि १०० मिलिग्रॅम वेल्पाटासविर. विषाणू यकृताच्या पेशीत आपल्या आरएनएची नक्कल करतो, त्यासाठी तो एक-एक मणी ओवत माळ लांबवत नेतो. सोफोसबुविर पेशीत गेल्यावर त्यातल्या एका मण्यासारखं दिसू लागतं. विषाणूचं एन्झाइम ते ओवतं, पण त्याच्यापुढे पुढचा मणी लागत नाही आणि माळ तिथेच थांबते. वेल्पाटासविर दुसरीकडे घाव घालतं: नक्कल करायला आणि नवे विषाणू बांधायला लागणाऱ्या एका प्रथिनाला ते निकामी करतं. दोन औषधं एकत्र का? कारण हा विषाणू नक्कल करताना चुका करतो आणि त्या सुधारत नाही. रोज अब्जावधी प्रती बनत असताना एखादी प्रत एका औषधाला दाद न देणारी निघू शकते. दोन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारी प्रत सापडणं फार कठीण.

पण फक्त नक्कल थांबवल्याने आजार कायमचा बरा कसा होतो? एचआयव्हीला औषधं थोपवून धरतात, गोळ्या थांबल्या की तो परततो. फरक विषाणूच्या राहण्याच्या पद्धतीत आहे. एचआयव्ही आपला मजकूर माणसाच्या डीएनएत शिवून टाकतो. हेपॅटायटिस बी पेशीच्या केंद्रकात स्वतःच्या डीएनएची एक टिकाऊ मूळ प्रत ठेवतो. सी यातलं काहीच करत नाही. तो केंद्रकाबाहेर फक्त आरएनएच्या रूपात राहतो, आणि आरएनए नाशवंत असतो. नव्या प्रती बनणं बंद झालं की जुन्या झिजत जातात, आणि परत यायला मूळ प्रतच उरत नाही.

रक्तातला आरएनए कित्येकांच्या बाबतीत चार आठवड्यांतच मोजता येण्याच्या खाली जातो. इथेच काही जण गोळ्या सोडतात. पण यकृताच्या पेशींत तोपर्यंत काही प्रती शिल्लक असतात, त्यामुळे कोर्स पूर्ण करावा लागतो. शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात, कारण विषाणू परतायचा असेल तर बहुधा याच काळात परततो. तेव्हा तो सापडला नाही, तर आजार बरा झाला असं धरतात. पूर्ण कोर्स घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक या टप्प्याला पोहोचतात. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात वर्षभर त्रास सोसूनही यश साधारण निम्म्यांनाच मिळायचं.

गोळी सुरू करण्याआधी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, हेपॅटायटिस बीची तपासणी. दोन्ही विषाणू असतील तर सी बऱ्याचदा बीला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळतो आणि यकृताला जोरदार सूज येऊ शकते. दुसरी, चालू असलेली औषधं. अमिओडॅरोन हे हृदयाचं औषध सोफोसबुविरबरोबर घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकपणे मंदावू शकतात. क्षयावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटवतात. पित्ताच्या गोळ्यांची नोंदही डॉक्टरांना सांगावी, कारण पोटात आम्ल कमी असलं की वेल्पाटासविर नीट विरघळत नाही.

आपल्या बाईचा आरएनए बारा आठवड्यांनी सापडला नाही. एएलटीही उतरला होता. तिचं यकृत शाबूत असल्याने पुढे वेगळी देखरेख लागली नाही. सिरोसिस झाला असता तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागली असती, कारण कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. वर्षभराने दुसऱ्या कुठल्या तपासणीत तिची अँटीबॉडी पुन्हा पॉझिटिव्ह आली आणि लॅबवाल्याचा चेहरा गंभीर झाला. तिने पर्समधून आरएनएचा रिपोर्ट काढून दाखवला. या अँटीबॉडी नव्या संसर्गापासून वाचवत नाहीत. पुढे कधी शंका आलीच, तर तिने आरएनएचीच तपासणी मागायची.