टीएलई आलाय? आधी लूप मोजा

ऑनलाइन जजवर कोड सबमिट करावा, सुरुवातीच्या टेस्ट पटापट हिरव्या व्हाव्यात आणि मधेच एका टेस्टला `Time Limit Exceeded` असा शेरा पडावा, हे प्रोग्रामिंग स्पर्धांमध्ये रोजचंच. यातून ‘उत्तर बरोबर आहे, फक्त उशीर झाला’ असा अर्थ पुष्कळ जण काढतात. तेवढं गृहीत धरू नये. वेळ संपली की जज प्रोग्राम तिथेच थांबवतो. त्या टेस्टचं उत्तर त्याने तपासलेलंच नसतं. पण लहान टेस्ट पास होतात आणि मोठी अडकते, एवढ्यावरून बहुधा कळतं की इनपुट वाढेल तसं काम भलत्याच वेगाने वाढतंय.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. हेलसिंकीच्या सीएसईएस प्रश्नसंचात तो `Subarray Sums II` या नावाने आहे. n आकड्यांची यादी दिली आहे आणि एक लक्ष्य K. ज्यांची बेरीज नेमकी K येते असे सलग तुकडे किती? n जास्तीत जास्त २ लाख, आकडे ऋणही असू शकतात आणि वेळ १ सेकंद.

कोड लिहिण्याआधी या मर्यादाच नीट वाचायच्या, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात निवडा, शेवट निवडा आणि मधले आकडे पुन्हा पुन्हा मिळवा, ही सरळसोट पद्धत म्हणजे एकात एक तीन लूप. n दोन लाख असताना त्यात साधारण १.३ × १०¹⁵ बेरजा होतात. सेकंदाला १०० कोटी बेरजा धरल्या तरी पंधरा दिवस लागतील. तिसरा लूप काढून टाकणं सोपं आहे: शेवट एक घर पुढे सरकला की आधीच्या बेरजेत एकच आकडा मिळवायचा. तरीही सुरुवात-शेवटाच्या जोड्या सुमारे २००० कोटी उरतात. त्याच वेगाने वीस सेकंद. आपल्याकडे आहे एक.

इथे बरेच जण चुकीचं औषध घेतात. `endl` च्या जागी `'\n'` लिहितात, वाचन वेगवान करणाऱ्या ओळी टाकतात, कंपायलरला ऑप्टिमायझेशनच्या सूचना देतात. या गोष्टी वाईट नाहीत. इनपुट मोठं असेल तर वेगाने वाचायलाच हवं. पण त्यांनी वेळ दुपटी-चौपटीने कमी होईल, आणि लूप तेवढेच राहतील. सेकंद-दीड सेकंदाची तफावत असती तर प्रश्न वेगळा होता. वीसपट तफावत असताना अशी डागडुजी करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा उपाय सुरुवातीपासूनच्या बेरजेत आहे. पहिल्या आकड्यापासून j व्या आकड्यापर्यंतच्या बेरजेला P[j] म्हणू, आणि P[0] = 0. गाडीच्या मीटरवरचे दोन आकडे वजा केले की मधलं अंतर मिळतं, तसंच इथेही: i नंतर सुरू होऊन j पाशी संपणाऱ्या तुकड्याची बेरीज P[j] − P[i]. ती K हवी, म्हणजे P[i] = P[j] − K. आता प्रश्नच पालटला. j पाशी उभं राहून मागच्या प्रत्येक i ला विचारत बसायची गरज नाही. ‘P[j] − K ही बेरीज याआधी किती वेळा येऊन गेली?’ एवढंच विचारायचं. आलेल्या बेरजांची नोंद ठेवली असेल तर आतला लूप पूर्ण गळून पडतो.

हातानेच करून पाहू. यादी 3, 4, −7, 1, 3, 3 आणि K = 7. चालू बेरजा अशा येतात: 0, 3, 7, 0, 1, 4, 7. दुसऱ्या आकड्यापाशी बेरीज 7 होते; 7 − 7 = 0, आणि 0 आधी एकदा आलेला आहे, तो म्हणजे P[0]. एक तुकडा मिळाला: 3, 4. तिसऱ्या आकड्यानंतर बेरीज पुन्हा 0 होते, म्हणून 0 ची नोंद आता दोनवर जाते. शेवटच्या आकड्यापाशी परत 7 येतो. पुन्हा 0 शोधायचा, पण या वेळी तो दोनदा आहे, म्हणून एकदम दोन तुकडे: सगळी यादी, आणि शेवटचे 1, 3, 3. एकूण तीन. नोंदवहीत ‘आहे की नाही’ एवढंच ठेवलं असतं तर दोनच मोजले गेले असते.

```cpp
map<long long,int> cnt;
cnt[0] = 1;
long long s = 0, ans = 0;
for (int j = 0; j < n; j++) {
    s += a[j];
    auto it = cnt.find(s - k);
    if (it != cnt.end()) ans += it->second;
    cnt[s]++;
}
```

`ans` हा `long long` का? सगळे आकडे शून्य आणि K ही शून्य असेल तर प्रत्येक तुकडा मोजला जातो, म्हणजे २००० कोटींच्या वर. `int` ची मजल २१४ कोटींपर्यंतच. टीएलई जाऊन त्याजागी `Wrong Answer` येण्याचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे सरकती खिडकी: बेरीज वाढली की डावी कड पुढे, कमी पडली की उजवी. सगळे आकडे धन असतील तर ही पद्धत छान चालते आणि नोंदवहीही लागत नाही. पण ऋण आकडा आला की खिडकी मोठी करूनही बेरीज घटू शकते, आणि मग कुठली कड हलवायची हे ठरवताच येत नाही.

आता `map` कडे. यात नोंदी क्रमाने लावलेल्या झाडात असतात. दोन लाख नोंदींत एक शोधायला अठराच्या आसपास टप्पे लागतात. शोध आणि भर दोन्ही धरून पाऊण कोटीच्या घरात काम होतं. काही जण आणखी वेग हवा म्हणून `unordered_map` वापरतात. त्यात नोंदी क्रमाने नव्हे, तर कप्प्यांच्या टेबलात ठेवल्या जातात, आणि सरासरीने तो जलद असतोही. मेख अशी की जीसीसी कंपायलरमध्ये पूर्णांकाला कप्प्यांच्या संख्येने भागून उरलेली बाकी हाच त्याचा कप्पा ठरतो, आणि कप्प्यांच्या संख्या ठरलेल्या मूळ संख्या असतात. जीसीसीच्या काही आवृत्त्यांमध्ये टेबल वाढताना येणारी त्यांतली एक १०७८९७; इतर आवृत्त्यांत ती वेगळी असते. यादीत सगळीकडे 107897 हाच आकडा भरला की प्रत्येक चालू बेरीज त्याच्या पटीत येते. टेबल त्या आकाराचं असेपर्यंत सगळ्या नोंदी एकाच कप्प्यात साखळीने कोंबल्या जातात आणि प्रत्येक नवी नोंद करताना ती साखळी चालत जावी लागते. काम पुन्हा शेकडो कोटींवर. कोडफोर्सेससारख्या ठिकाणी, जिथे स्पर्धक एकमेकांच्या कोडवर टेस्ट सोडू शकतात, तिथे अशी टेस्ट मुद्दाम बनवली जाते. म्हणून या मर्यादांना मी `map` च घेईन.

आपला कोड नक्की कसा वाढतोय हे सबमिट न करताही तपासता येतं. n = 25000 ची यादृच्छिक यादी बनवून वेळ मोजा, मग 50000 ची, मग 1 लाखाची. n दुप्पट केल्यावर वेळ चौपट होत असेल तर कुठेतरी दोन लूप एकात एक फिरताहेत, मग कोडमध्ये ते दिसोत वा न दिसोत. कधी ते `vector` च्या सुरुवातीला आकडा घालणाऱ्या `insert` मध्ये लपलेले असतात, कधी प्रत्येक कॉलला अख्ख्या यादीची प्रत काढणाऱ्या फंक्शनमध्ये. वेळ दुपटीहून किंचित जास्त वाढत असेल तर `map` आपलं काम नीट करतोय. मात्र यादृच्छिक यादीत वर सांगितलेला कप्प्यांचा घोळ दिसणार नाही. त्यासाठी 107897 ने, किंवा आपल्या जीसीसी आवृत्तीत येणाऱ्या तशाच मूळ संख्येने, भरलेली यादी वेगळी चालवून पाहावी लागेल.