सही उजवीकडे सांगितली, डावीकडे कशी गेली?

मे महिना लागला की खान्देशात कपाशीच्या लागवडीआधी माती परीक्षणाची घाई सुरू होते. समजा, चोपड्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत दोनशे अहवाल पीडीएफमध्ये तयार आहेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या व शेवटच्या पानावर प्रमुखांची सही आणि तारीख हवी आहे. कोणी तीन पानी, कोणी पाच पानी. म्हणून शेवटचं पान शेवटाकडून मोजायचं. बहुतेक साधनांत तशी सोय असते, उदाहरणार्थ `qpdf` मध्ये `1,z` म्हटलं की पहिलं आणि शेवटचं पान.

खरी गंमत जागेची आहे. पीडीएफ पान मोजतं ते पॉइंटमध्ये, एका इंचात ७२. खालचा डावा कोपरा म्हणजे शून्य. ए-फोर पान ५९५ रुंद, ८४२ उंच. सही ४ सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे साधारण ११३ पॉइंट. उजवीकडे दीड सेंटिमीटर समास सोडला तर ४३ गेले. ५९५ मधून दोन्ही वजा केले की उरतात ४३९. सहीची डावी कड तिथे.

हा आकडा सगळ्या फायलींना लावला की बहुतेक ठिकाणी सही नेमकी बसते. मग मोबाइलवर स्कॅन केलेला एखादा अहवाल उघडावा, तर सही डाव्या कडेला, साधारण मध्यावर आडवी पडलेली! ते पान फायलीत आडवंच साठवलेलं असतं आणि सोबत फक्त सूचना असते: दाखवताना ९० अंश उजवीकडे फिरव. साठवलेलं पान ८४२ रुंद, म्हणून ४३९ वर ठेवलेली सही त्याच्या खालच्या कडेच्या साधारण मध्यावर आली. पान फिरलं तशी ती खालची कड डावीकडे आली, सहीसकट. दुसरा प्रकार म्हणजे काही स्कॅनर ॲप पिक्सेललाच पॉइंट समजतात. मग पान १२४० रुंद होतं आणि पाचव्या हिश्शाची सही अकराव्या हिश्शाची, मुंगीएवढी दिसते.

म्हणून शिक्के मारण्याआधी पानं तपासावीत:

```
pdfinfo -f 1 -l 99 ahwal.pdf
```

इथे `size` म्हणजे पानाचं माप आणि `rot` म्हणजे फिरवण्याचा कोन पाहायचा. `rot` शून्य नसेल ती फाईल बाजूला काढायची, किंवा सहीची जागा बदलून ती उलट दिशेने फिरवून लावायची. रुंदी आणि डावी कडही पॉइंटमध्ये न देता पानाच्या रुंदीच्या १९ आणि ७४ टक्के अशी दिली की दुसरी भानगड मिटते.

सहीचं चित्र पारदर्शक पीएनजी हवं. जेपीजी घेतलं तर पांढरा चौकोन खालचा मजकूर झाकतो. तारीख देवनागरी अंकांत हवी असेल तर तसा फॉन्ट फायलीत घालावा लागतो, कारण नेहमीच्या हेल्व्हेटिकात ते अंकच नाहीत.

आणि हे फक्त चित्र आहे बरं का. ते कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवू शकतो. कायद्याच्या कामाला लागणारी डिजिटल सही वेगळी. ती लावायची असेल तर हे शिक्के आधी मारून घ्यावेत, कारण नंतर पानाला हात लावला की ती अवैध दिसते.