वॉरंटी आणि मोफत सर्व्हिस: छोट्या मिक्सर कारखान्याने कार्डावर काय लिहावं

मोटर एकाकडून, बॉडी दुसऱ्याकडून, भांडी तिसऱ्याकडून आणायची, आपल्या शेडमध्ये जोडणी करायची आणि आपल्या नावाने मिक्सर विकायचा, असे बरेच छोटे कारखाने आपल्याकडे आहेत. त्यांच्या वॉरंटी कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘२ वर्षे वॉरंटी, मोफत घरपोच सर्व्हिस’. खर्च अंगावर येऊ लागला की पुढच्या छपाईत त्याखाली बारीक अक्षरांत अपवाद वाढतात. जळलेली मोटर नाही, स्विच नाही, कपलर नाही, भांडं नाही. माझ्या मते इथे चुकीच्या जागी कात्री लागते, कारण त्या एका ओळीत दोन निरनिराळी वचनं आहेत आणि दोन्हींचा खर्च निरनिराळ्या वाटेने येतो.

वॉरंटी हे वस्तूबद्दलचं वचन आहे. आमच्या मालात दोष निघाला तर तो भाग आम्ही आमच्या खर्चाने बदलू, एवढंच ती सांगते. सर्व्हिस हे कामाबद्दलचं वचन आहे: तो भाग कोण बदलेल, कुठे, किती दिवसांत, आणि जाण्यायेण्याचा किंवा पार्सलचा खर्च कोणाचा. पहिलं वचन पक्कं आणि दुसरं मोजकं ठेवता येतं. दोन्ही एकत्र लिहिली की दोन्ही ढिली होतात.

आकडे मांडून बघू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या रजिस्टरमधले घालून हाच हिशेब करा. समजा वर्षाला ३६०० मिक्सर विकले जातात, ७५० वॉटचे, कोल्हापूर, सांगली आणि सोलापूरच्या दुकानांतून. त्यांतले २१६ वॉरंटीच्या काळात तक्रारीला येतात. ९० मध्ये कपलर किंवा भांड्याचा बुश गेलेला, सरासरी सुटा भाग ६० रुपयांचा. ४० मध्ये स्विच किंवा वायर, ८० रुपये. ३० मध्ये कार्बन, ४० रुपये. उरलेल्या ५६ मध्ये मोटर जळालेली, आर्मेचर आणि फील्ड मिळून ६५० रुपये. सगळ्या सुट्या भागांची बेरीज ४६,२०० रुपये होते. शिवाय ६४ फोन असे येतात की मशीनला काहीच झालेलं नसतं, जास्त ताण आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड सुटलेला असतो आणि तळाचं लाल बटण दाबायचं कोणाला माहीत नसतं.

आता घरपोच सर्व्हिस द्यायची म्हटली तर या २८० ठिकाणी माणूस पाठवावा लागतो. एका फेरीचे ३५० रुपये धरले तरी ९८,००० रुपये फेऱ्यांतच जातात. म्हणजे सुट्या भागांच्या दुपटीहून जास्त पैसे रस्त्यावर खर्च होतात. दोन्ही मिळून १,४४,२०० रुपये, मिक्सरमागे साधारण ४० रुपये.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मोटर वॉरंटीतून काढणं. त्याने भागांचे ३६,४०० रुपये वाचतात, पण गिऱ्हाईक मिक्सर घेताना मोटरच बघून घेतो. दुसरा उपाय: वॉरंटी पूर्ण ठेवा, मोटरसकट, पण सर्व्हिस दुकानातून द्या. कपलर, स्विच, कार्बन, बुश यांचा छोटा डबा प्रत्येक डीलरकडे ठेवा आणि प्रत्येक दुरुस्तीचे त्याला ८० रुपये द्या. १६० कामांचे १२,८०० होतात. मोटर जळालेली ५६ मशीन्स डीलरच्या मालाच्या गाडीतूनच परत येऊ द्या, ने-आण आणि मजुरी धरून प्रत्येकी २०० म्हणजे ११,२००. लाल बटणवाले ६४ जण फोनवरच मार्गी लागतात, त्यासाठी ऑफिसातल्या माणसाला चार प्रश्न शिकवले तरी पुरे. एकूण खर्च ७०,२०० रुपये, मिक्सरमागे २० रुपयांच्या आत. वॉरंटीतला एक शब्दही कमी न करता ७४,००० रुपये वाचले.

आणखी एक फरक छोट्या कारखान्याने लक्षात ठेवायलाच हवा. वॉरंटीचा खर्च काही प्रमाणात मागे ढकलता येतो, सर्व्हिसचा येत नाही. सदोष आर्मेचर मोटरवाल्याला परत देता येतं. तुमच्या माणसाची जतची फेरी कोणीच भरून देत नाही. पण मोटरवाल्याची मुदत तपासा. तो बहुधा त्याच्या बिलापासून १२ महिने देतो. मोटर तुमच्याकडे महिनाभर पडली, मिक्सर दुकानात चार महिने राहिला आणि दिवाळीत विकला गेला, तर गिऱ्हाइकाची २ वर्षं संपेपर्यंत मोटर २९ महिन्यांची झालेली असते. शेवटचे १७ महिने तुमच्या एकट्याच्या अंगावर. म्हणून मोटरचा दर ठरवतानाच मुदत १८ महिन्यांपर्यंत वाढवून घ्या, किंवा दर शंभर मोटरींमागे एखादी मोटर फुकट ठरवून घ्या आणि परताव्याची कटकट मिटवा.

आम्ही फक्त जोडणी करतो, मोटरची जबाबदारी मोटरवाल्याची, असं म्हणून गिऱ्हाइकासमोर सुटता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या व्याख्येतच इतरांनी बनवलेले भाग जोडणारा आणि वस्तूवर आपलं नाव लावणारा येतो. लेखी वॉरंटीप्रमाणे वस्तू नसेल तर उत्पादक जबाबदार ठरतो, मग वॉरंटी देताना त्याचा निष्काळजीपणा नव्हता हे त्याने सिद्ध केलं तरी. जी वॉरंटी किंवा दुरुस्तीचं जे वचन पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नाही, ते देणं हाच कायदा अनुचित व्यापारी प्रथा मानतो. तीन जिल्ह्यांत माणूस नसताना ‘महाराष्ट्रभर घरपोच सर्व्हिस’ छापणं म्हणूनच धोक्याचं आहे. आणि गिऱ्हाईक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. तुमचा कारखाना इचलकरंजीत असला तरी तारखांना लातूरला जावं लागेल.

जळलेल्या मोटरीवर थोडं थांबू, कारण भांडणं तिथेच होतात. ‘मोटर जळाली म्हणजे तुम्ही जास्त चालवली’ हे डीलरचं ठरलेलं वाक्य. मशीन उघडल्याशिवाय ते बोलू देऊ नका. आर्मेचर बाहेर काढून बघा. एकाच बाजूची कॉइल काळी आहे, बाकीची तार तांबूस चकाकते आहे, कम्युटेटरच्या एक-दोन पट्ट्याच भाजल्या आहेत, तर बहुधा वाइंडिंगचा दोष आहे आणि तो तुमचा आहे. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही सगळीकडून सारखे काळे पडले असतील तर मोटरवर खरंच ताण आला होता. पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: ओव्हरलोड का सुटला नाही? तो भाग त्यासाठीच बसवलेला आहे. तो चिकटला असेल किंवा मोटरच्या मानाने जास्त अँपिअरचा लागला असेल, तर दोष पुन्हा तुमच्याच जोडणीचा. तळाशी गंज आणि वाळलेल्या चटणीचा थर दिसला की ‘पाणी गेलं, वॉरंटी नाही’ असं लिहिलं जातं. तो ओघळ कपलरवरून खाली आला आहे का ते बघा. तसं असेल तर भांड्याचा बुश गळत होता आणि भांडंही तुम्हीच दिलेलं आहे.

खरा गैरवापर वेगळा ओळखू येतो. विकून तीन-चार महिनेच झालेत, कार्बन जवळजवळ संपलेत आणि कम्युटेटरवर खोल चर पडली आहे, तर तो मिक्सर वडापावच्या गाडीवर किंवा खानावळीत चालला असण्याची शक्यता मोठी. घरगुती मिक्सर थोडा वेळ चालवून थांबवण्यासाठीच बनवलेला असतो. धंद्याच्या वापराला वॉरंटी नाही, हा अपवाद रास्त आहे. पण तो खोक्यावर, किमतीजवळ, मोठ्या अक्षरांत हवा. विकत घेतल्यानंतर उघडलेल्या कार्डात लपवलेला अपवाद गिऱ्हाइकाला फसवणूकच वाटतो, आणि मला त्याचं काही चुकतं असं वाटत नाही.

कार्डावर मग दोन चौकटी छापा. पहिली वॉरंटीची:

‘बिलाच्या तारखेपासून २४ महिने. मोटर, स्विच, ओव्हरलोड, वायर आणि भांड्याचा बुश यांत दोष निघाल्यास भाग आणि मजुरी मोफत. कपलर आणि कार्बन १२ महिने. बिल हरवलं असेल तर मशीनवरील उत्पादन महिन्यापासून २७ महिने धरू. घरगुती वापरासाठी. मशीन पडून फुटल्यास वॉरंटी नाही. वॉरंटी नाकारल्यास कारण लेखी देऊ आणि जळालेला भाग दाखवू.’

दुसरी सर्व्हिसची:

‘मशीन ज्या दुकानातून घेतलं तिथे आणा. किरकोळ काम ३ दिवसांत, मोटरचं काम १० दिवसांत. १० दिवसांत झालं नाही तर बदली मशीन वापरायला देऊ. घरी माणूस हवा असल्यास फक्त कोल्हापूर आणि सांगली शहरांत, फेरीचे २०० रुपये. वॉरंटी संपल्यावर ५ वर्षं सुटे भाग मिळतील, मजुरीचे दर मागे छापले आहेत.’

बिल हरवलेल्यांसाठीची २७ महिन्यांची ओळ अनेकांना सढळ वाटेल. पण खेडोपाडी बिल जपून ठेवणारे कमीच असतात, आणि मशीनच्या नंबरात महिना-वर्ष कोरलेलं असलं की खर्चाला आपोआप मर्यादा येते. दहा दिवसांच्या अटीसाठी तीन-चार जुनी, तपासलेली मशीन्स डीलरकडे फिरती ठेवावी लागतात. गिऱ्हाइकाचा राग बहुतेक वेळा दोषावर नसतो, दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत राहतो त्यावर असतो.

कराच्या दोन गोष्टी सीएला विचारून पक्क्या करा. वॉरंटीत गिऱ्हाइकाकडून काही न घेता दिलेल्या सुट्या भागावर वेगळा जीएसटी लागत नाही आणि उत्पादकाला त्याचं इनपुट क्रेडिट उलटवावं लागत नाही, हे जुलै २०२३च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. फेरीचे पैसे घेतलेत तर मात्र ती सेवा झाली, तिथे कराचा प्रश्न येतो. दुसरं, विकलेल्या प्रत्येक मिक्सरमागे २० रुपये वॉरंटीची तरतूद म्हणून बाजूला टाकता येतात. मागच्या अनुभवावर आधारलेला विश्वासार्ह अंदाज असेल तर अशी तरतूद आयकरात खर्च म्हणून चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात म्हटलं आहे. त्यासाठी तक्रारींचं रजिस्टर लागतं: मशीनचा नंबर, विक्रीची तारीख, कोणता भाग गेला, भागाचे किती आणि येण्याजाण्याचे किती. शेवटचे दोन रकाने वेगवेगळे ठेवा. पहिला फुगत असेल तर मोटरवाल्याशी बोला, दुसरा फुगत असेल तर पुढच्या छपाईत सर्व्हिसची चौकट बदला, वॉरंटीची नाही.